कराडच्या पडद्यावर साताऱ्याचे आकडे

समजा, एका पतसंस्थेच्या सातारा शाखेने सकाळी दहाला डॅशबोर्ड उघडला आणि दिवसाची जमा दिसली 4,82,000 रुपये. दोन मिनिटांनी कराड शाखेने तोच डॅशबोर्ड उघडला, तर तिलाही नेमका तोच आकडा दिसला. डेटाबेसमधल्या नोंदी मात्र अचूक होत्या. चूक कॅशेत होती.

दर वेळी बेरीज करायला लागू नये म्हणून सर्व्हर तयार उत्तर पाच मिनिटे जपून ठेवतो आणि त्याला ओळखीची एक किल्ली देतो. इथे किल्लीत फक्त तारीख होती:

```
dashboard:2025-04-10
```

त्यामुळे जी शाखा आधी येईल, तिचेच उत्तर सर्वांना मिळाले. किल्ली अशी हवी:

```
dashboard:branch:12:2025-04-10
```

यातला शाखाक्रमांक लॉगिनच्या सत्रातून घ्यावा, ब्राउझरने पाठवलेल्या पत्त्यातून नव्हे. एकाच शाखेतल्या लोकांना वेगवेगळे अधिकार असतील, तर वापरकर्त्याचा क्रमांकही किल्लीत हवा.

एकाच खात्याने चाचणी केली तर हा दोष कधीच दिसत नाही. दोन शाखांच्या खात्यांनी पाच मिनिटांच्या आत लागोपाठ लॉगिन करून पाहावे. चुकीचा आकडा थोड्या वेळाने आपोआप बदलत असेल, तर संशय आधी कॅशेवर घ्यावा.