अ‍ॅप काढलं, पण प्रोफाइल तिथेच

समजा, पुण्यातली तिशीतली एक तरुणी. लग्नाच्या विचाराने तिने डेटिंग अ‍ॅप घेतलं. दोन-तीन जणांशी बोलणं छान रंगलं आणि एकाएकी समोरून उत्तरंच येईनाशी झाली. एका रात्री वैतागून तिने फोनमधून अ‍ॅप काढून टाकलं आणि विषय संपला, असं तिला वाटलं.

विषय संपलेला नसतो. फोनवरून अ‍ॅप गेलं तरी खातं कंपनीच्या सर्व्हरवर तसंच राहतं. तिचे फोटो इतरांना दिसू शकतात. कुणी संदेश पाठवला तर तो वाचायला ती तिथे नसते, आणि आपल्याला टाळलं जातंय, असं समोरच्याला वाटतं. नेमकं हेच तिला स्वतःला खुपलं होतं.

दुसरं टोक म्हणजे खातंच कायमचं बंद करणं. त्यात जुळलेली माणसं आणि झालेलं बोलणं, दोन्ही जातं. चार दिवसांनी मन शांत झाल्यावर त्यातल्या एखाद्याशी पुन्हा बोलावंसं वाटलं, तर मार्ग उरत नाही. शिवाय गूगल प्ले किंवा अ‍ॅपल स्टोअरमधून घेतलेली वर्गणी खात्याबरोबर आपोआप थांबत नाही. ती त्या स्टोअरच्या सबस्क्रिप्शन विभागात जाऊन वेगळी रद्द करावी लागते, नाहीतर पैसे कापले जातच राहतात.

या दोन्हींच्या मधली सोय फार जणांना ठाऊक नसते. हिंजवर प्रोफाइल ‘पॉज’ करता येतं: नव्या लोकांना ते दिसत नाही, पण आधी जुळलेल्यांशी बोलणं चालू ठेवता येतं. बंबलच्या ‘स्नूझ’मध्ये २४ तास, ७२ तास, आठवडाभर किंवा बेमुदत असे पर्याय मिळतात. टिंडरवरही नव्या लोकांना दिसणं बंद करता येतं. मात्र ज्यांना आधी लाइक दिलंय, त्यांना आपण तरीही दिसू शकतो.

मग या तरुणीने काय करावं? तिला जोडीदार अजूनही हवा आहे, म्हणजे उद्देश बदललेला नाही. थकलंय ते मन. अशा वेळी आठवडाभराचा विराम पुरेसा आहे. ज्यांच्याशी बोलणं अर्धवट आहे त्यांना ‘थोडे दिवस इथे नसेन’ एवढं कळवलं की झालं. परीक्षा किंवा ऑफिसातलं मोठं काम समोर असेल, तर विराम तेवढा लांबवावा. कुणाशी नातं जमलं आणि दोघांनी मिळून ठरवलं, तर मात्र खातंच बंद करणं योग्य, कारण आता उद्देशच उरलेला नाही.

परतायची वेळ झाली का, हे तारखेवरून कळत नाही. रात्री झोप येईना म्हणून बोट नुसतं स्क्रीनवर फिरवावंसं वाटत असेल, तर अजून थांबावं. एखाद्या अनोळखी माणसाला नीट चार वाक्यं लिहिण्याची आणि येत्या शनिवारी कॉफीला भेटण्याची तयारी असेल, तर खातं पुन्हा सुरू करावं. त्याआधी फोटो, वयाची आणि अंतराची मर्यादा आणि ‘काय शोधतेय’ हा रकाना आजच्या मनाप्रमाणे बदलून घ्यावा.