गल्लीतली गाडी: ब्रोशरमधले आकडे आणि भिंतीचं गणित

पुण्यातल्या पेठांमध्ये किंवा गिरगावात राहणाऱ्याने गाडी घ्यायची म्हटली, की आधी दोन प्रश्न येतात: गल्लीतून जाईल का आणि पार्किंगमध्ये बसेल का. उत्तरं शोधायला तो ब्रोशर उघडतो. तिथे ॲव्हरेज, एअरबॅग, स्क्रीन हे सगळं ठळक अक्षरांत असतं आणि त्याला हवे असलेले दोन आकडे, रुंदी आणि टर्निंग रेडियस, शेवटच्या पानावरच्या तक्त्यात बारीक टाइपात. ते सापडले तरी त्यांच्याबद्दल इतके गैरसमज आहेत की भलताच निष्कर्ष निघतो.

गैरसमज: चार मीटरच्या आतली गाडी म्हणजे गल्लीची गाडी

चार मीटरची मर्यादा गल्लीसाठी नाही, करासाठी आहे. २००६च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली, तेव्हा लांबी ४ मीटरच्या आत आणि इंजिन ठरावीक सीसीच्या आत अशा अटी होत्या. पुढे जीएसटी आला तरी लांबीची ती रेघ तशीच राहिली. रुंदीबद्दल त्या अटींमध्ये अक्षर नाही. कंपन्यांनी जे करायचं तेच केलं: लांबी ३९९५ मिलिमीटरवर थांबवली आणि गाडी आडवी वाढवली.

म्हणून ४ मीटरच्या आत १४९० मिलिमीटर रुंदीची अल्टो के-१० आहे, १६२० ची वॅगन आर आहे, १८०४ ची नेक्सॉन आहे आणि १८२० ची तीन दरवाजांची थारही आहे. अल्टो आणि थार यांच्या रुंदीत ३३ सेंटिमीटरचा फरक आहे. गल्लीत एका बाजूला दुचाकी लावलेल्या असल्या, तर गाडी जाणार की अडकणार हे तेवढ्यावर ठरतं.

शिवाय हा आकडा बहुतेक वेळा आरसे सोडून दिलेला असतो. उघडे आरसे धरले तर रुंदी साधारण वीस सेंटिमीटरने, काही गाड्यांत त्याहूनही जास्त वाढते. म्हणजे १.८ मीटरची गाडी प्रत्यक्षात दोन मीटर जागा मागते. बोळात शिरताना आरसे मिटून घ्यावेत हे खरं, पण तेव्हाच ते सर्वांत जास्त लागतात. ३६० अंशांच्या कॅमेऱ्याने भिंत किती जवळ आली हे कळेल, गाडी काही त्याने अरुंद होत नाही.

गैरसमज: टर्निंग रेडियस कमी, म्हणजे गाडी कोपऱ्यात सहज वळणार

घोटाळा होतो तो मुख्यतः इथेच, म्हणून इथे जरा थांबू.

स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवून गाडी गोल फिरवली, तर पुढचं बाहेरच्या बाजूचं चाक जे वर्तुळ काढतं त्याची त्रिज्या म्हणजे टर्निंग रेडियस. वॅगन आरची ४.७ मीटर आहे, म्हणजे यू-टर्नसाठी त्याच्या दुप्पट, ९.४ मीटर रुंद रस्ता लागतो. पण हे माप चाकाचं आहे, बंपरचं नाही. पुढचा बंपर चाकाच्या पुढे आलेला असतो आणि त्याचा कोपरा चाकापेक्षा मोठं वर्तुळ काढतो. फूटपाथ बुटका असेल तर बंपर त्याच्यावरून फिरतो आणि काही बिघडत नाही. तिथे भिंत असेल तर मात्र बंपर घासणार.

दुसरी बाजू आतली. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतून कापत जातात. म्हणून कोपऱ्यावरच्या घराच्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला रंगीबेरंगी ओरखडे दिसतात आणि त्या गल्लीतल्या गाड्यांचा मागचा दरवाजा किंवा मागच्या चाकावरचा पत्रा चेपलेला असतो. चालकाने पुढचं नाक व्यवस्थित काढलेलं असतं, पोट अडकतं.

वॅगन आरचाच हिशेब करून पाहू. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, २.४३५ मीटर. ४.७ चा वर्ग २२.०९, त्यातून व्हीलबेसचा वर्ग ५.९३ वजा केला की १६.१६ उरतात. त्याचं वर्गमूळ ४.०२. गाडीची बाहेरची बाजू मागच्या चाकांपाशी वळणाच्या केंद्रापासून इतकी लांब असते. त्यातून रुंदी १.६२ वजा केली की आतली बाजू २.४० मीटरवर येते. नाक पुढच्या चाकांच्या सुमारे ७० सेंटिमीटर पुढे आहे असं धरलं, तर बंपरचा कोपरा सुमारे ५.१० मीटरवरून फिरतो. ५.१० आणि २.४० यांच्यातला फरक २.७० मीटर. १.६२ मीटर रुंदीची गाडी वळताना २.७० मीटरचा पट्टा व्यापते.

आता एकसारख्या रुंदीच्या दोन गल्ल्या काटकोनात मिळतात असं समजा. एका दमात, पुढे-मागे न करता वळायला किमान किती रुंद गल्ली हवी, त्याचं सूत्र असं:

```
गल्लीची रुंदी = बंपरची त्रिज्या − (आतली त्रिज्या ÷ १.४१)
```

वॅगन आरसाठी उत्तर येतं सुमारे ३.४ मीटर. याच पद्धतीने नेक्सॉन (टर्निंग रेडियस ५.१ मीटर) सुमारे साडेतीन मीटरच्या थोडी पुढे, ३.६५ च्या आसपास जाते. इनोव्हा क्रिस्टा (५.४ मीटर) ३.९ मागते. आणि पाच दरवाजांची जिम्नी? तिचा टर्निंग रेडियस तब्बल ५.७ मीटर, म्हणजे इनोव्हापेक्षाही मोठा. तरीही तिला ३.६ मीटर पुरतात, कारण तिची रुंदी फक्त १६४५ मिलिमीटर आहे. नाकाची लांबी अंदाजाने धरलेली असल्यामुळे हे आकडे पाच-दहा सेंटिमीटर इकडेतिकडे होतील, क्रम फारसा बदलणार नाही. आणि यात दोन्ही भिंतींना सोडायची जागा धरलेलीच नाही, ती प्रत्येक बाजूला निदान १५ सेंटिमीटर वेगळी धरा.

थोडक्यात, टर्निंग रेडियस यू-टर्नचं माप आहे. बंद गल्लीच्या टोकाशी किंवा सोसायटीच्या आवारात गाडी उलटी फिरवायची असेल तर त्याच्याकडे पाहा, तिथे जिम्नीची दमछाक होईल आणि ४.२ मीटरवाली एमजी कॉमेट गिरकी घेईल. गल्लीच्या कोपऱ्यावर मात्र रुंदीचाच शब्द चालतो. दोन गल्ल्यांपैकी एक रुंद असेल तर दुसरी थोडी अरुंद असली तरी निभावतं, पण वळण्याआधी गाडी बाहेरच्या भिंतीलगत आणावी लागते. तिथे कुणाची बुलेट उभी असली की सगळा हिशेब कोलमडतो.

गैरसमज: पॉवर स्टिअरिंग हलकं, म्हणून वळण लहान

हलकं स्टिअरिंग हाताचे कष्ट वाचवतं. वळण किती लहान हे पुढची चाकं जास्तीत जास्त किती अंशांत वळतात यावर आणि व्हीलबेसवर ठरतं. उलट बाहेरून मोठे रिम आणि रुंद टायर बसवले, तर पूर्ण वळणावर टायर मडगार्डच्या आतल्या भागाला घासू लागतो, मग चालक स्टिअरिंग पूर्ण फिरवायचं टाळतो आणि वळण मोठं होतं. घासण्याचा खरखर आवाज आला, तर तुमच्या गाडीचा टर्निंग रेडियस आता ब्रोशरमधला राहिलेला नाही.

गैरसमज: गाडी पार्किंगच्या रेघांत बसली, म्हणजे बसली

सोसायट्यांमध्ये चारचाकीची जागा सहसा अडीच बाय पाच मीटर धरलेली असते. त्यात १.८ मीटरची गाडी सहज बसते, माणूस उतरू शकत नाही. मध्यम बांध्याच्या माणसाला दार अर्धवट उघडून बाहेर यायला ५० ते ५५ सेंटिमीटर तरी हवेत. गाडी मधोमध लावली तर प्रत्येक बाजूला ३५ उरतात.

स्टिल्ट पार्किंगमध्ये दोन खांबांमध्ये दोन गाड्या हा नेहमीचा प्रकार. खांबांमधली मोकळी जागा ४.८ मीटर आहे असं धरा. दोन नेक्सॉन मिळून ३.६१ मीटर घेतात, उरतात १.१९. हे तीन फटींत सारखे वाटले तर प्रत्येकी ४० सेंटिमीटर, म्हणजे कुणीच धड उतरणार नाही. पण एक गाडी नाकाने आत आणि दुसरी रिव्हर्समध्ये लावली तर? समोर उभं राहून पाहताना डावीकडची गाडी सरळ आत गेलेली आणि उजवीकडची मागे मागे गेलेली असेल, तर दोघांचे चालकाचे दरवाजे मधल्या फटीत उघडतात. आता खांबांलगत १५-१५ सेंटिमीटर सोडून मध्ये ८९ सेंटिमीटर मिळतात. दोन्ही चालक सहसा एकाच वेळी उतरत नाहीत, त्यामुळे एकच फट दोघांना पुरते. बाकीच्यांनी आधीच बाहेर उतरून घ्यायचं. शेजाऱ्याशी बोलणं असेल तर एवढ्यावर वाद मिटतो; नसेल तर त्याने पुढच्या वर्षी कोणती गाडी घेतली हे तुमच्या हातात नाही, म्हणून आपली अरुंद असलेली बरी.

खांब नेमका कुठे येतो हेही पाहावं. मागच्या चाकाशेजारी आलेला खांब निरुपद्रवी असतो. तोच पुढच्या दाराशेजारी आला की दार पहिल्या खाचेपलीकडे जात नाही. दोन दारांच्या गाड्यांत हा त्रास वाढतो, कारण मागच्यांनाही त्याच दारातून शिरायचं असल्याने दार लांब असतं. कॉमेट आणि तीन दरवाजांची थार लांबीला आखूड आहेत, पण शेजारी मोकळी जागा जास्त मागतात.

गाडी रिव्हर्समध्ये लावायला जागा कमी लागते, हा मात्र गैरसमज नाही. मागची चाकं वळत नाहीत, त्यामुळे ती आधी खांबांच्या मध्ये नेऊन ठेवली की वळणारं नाक बाहेरच्या मोकळ्या जागेत फिरतं. नाकाने शिरलात तर मागची चाकं आतून कापत येतात आणि मागचा दरवाजा खांबाला लागतो.

शोरूममध्ये जाण्याआधी टेप घेऊन तीन मापं घ्या: गल्लीची सर्वांत अरुंद जागा, कोपऱ्यावर दोन्ही गल्ल्यांची रुंदी आणि दोन खांबांमधलं अंतर. मापं रात्री दहानंतर घ्यावीत, तेव्हा सगळ्या दुचाकी घरी आलेल्या असतात. आणि टेस्ट ड्राइव्ह त्यांच्या ठरलेल्या हमरस्त्यावर न घेता गाडी आपल्या पार्किंगपर्यंत आणायला सांगा. सेल्समन कुरकुरेल, पण आणतो. पार्किंगमध्ये गाडी लावून आधी स्वतः उतरून पाहा, मग घरातल्या सर्वांत जाड माणसाला उतरवून पाहा.