एका वाचनात मंजूर होणारी ईमेल

प्रवासाचं बिल अडकतं ते बहुतेक वेळा रकमेमुळे नाही, तर अकाउंट्सला उलटून प्रश्न विचारावा लागल्यामुळे. समजा, तुम्ही कंपनीच्या कामासाठी पुण्याहून नागपूरला दोन रात्री जाऊन आलात. विषयातच लिहा: ‘प्रवासखर्च परतावा, नागपूर, 10 ते 12 जून, ₹8,450’. मग मजकूर असा:

‘ग्राहकाकडे मशीन बसवण्यासाठी गेलो होतो, साहेबांची पूर्वपरवानगी सोबत आहे. रेल्वे ₹3,100 (बिल 1), हॉटेल ₹5,000 (बिल 2), रिक्षा ₹350 (पावती नाही, स्वघोषणा जोडली आहे). हॉटेलचं बिल ₹5,600 आहे. धोरणाच्या कलम 4.2 नुसार रात्रीची मर्यादा ₹2,500 असल्याने ₹5,000 चीच मागणी आहे.’

यातलं शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं. बिल आणि मागणीतला ₹600 चा फरक सांगितला नाही, तर तपासणारा तिथेच थांबतो. जोडलेल्या फायलींनाही ‘बिल 1’, ‘बिल 2’ अशीच नावं द्या. हॉटेलला कार्डाची स्लिप पुरत नाही. नाव, तारखा आणि कर दाखवणारं पक्कं बिल निघतानाच मागून घ्या.