मेल आला, हे स्क्रिप्टला कधी कळतं?

समजा, एक छोटा छापखाना आहे. गिऱ्हाईक आपली पीडीएफ एका ठरलेल्या पत्त्यावर मेल करतं आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर अखंड चालणारी एक पायथन स्क्रिप्ट ती फाइल उचलून प्रिंटरच्या रांगेत टाकते. गिऱ्हाईक काउंटरपाशीच उभं आहे. पाच सेकंदांत प्रिंटर सुरू झाला तर ठीक. दोन मिनिटं काहीच हललं नाही, तर ते तोच मेल पुन्हा पाठवतं आणि एकाच कामाच्या दोन प्रती निघतात. म्हणजे नवा मेल आल्याचं स्क्रिप्टला लवकर कळायला हवं, आणि एकही मेल सुटता कामा नये.

सरळ मार्ग म्हणजे ठरावीक वेळाने जाऊन विचारणं. यालाच पोलिंग म्हणतात. दर मिनिटाला स्क्रिप्ट सर्व्हरशी जोडणी करते, लॉगिन करते, इनबॉक्स उघडते, नवं काही आहे का ते शोधते आणि निघून येते. मेल या मिनिटात कधीही येऊ शकतो, म्हणून सरासरी उशीर अर्ध्या मिनिटाचा आणि जास्तीत जास्त एका मिनिटाचा. दिवसभरात अशा १,४४० खेपा होतात. अंतर पाच सेकंदांवर आणलं तर खेपा १७,२८० होतात, आणि मेल येवो न येवो, प्रत्येक खेपेला लॉगिनचा सगळा सोपस्कार आलाच. इतक्या वेळा लॉगिन करणाऱ्या खात्याला मोठ्या मेल-सेवा काही काळ रोखूही शकतात. जोडणी उघडी ठेवून त्याच जोडणीवर `NOOP` ही रिकामी आज्ञा पाठवत राहिलं, तर हा भार पुष्कळ हलका होतो. अनेकांना ही सोय माहीतच नसते.

दुसरा मार्ग १९९७ साली आला. आरएफसी २१७७ या छोट्याशा दस्तऐवजाने आयमॅपमध्ये `IDLE` ही आज्ञा आणली. स्क्रिप्ट ती देते आणि गप्प बसते. मेल आला की सर्व्हर आपण होऊन सांगतो. तारेवरचा संवाद असा दिसतो. इथे `C` म्हणजे स्क्रिप्ट आणि `S` म्हणजे सर्व्हर:

```
C: a5 IDLE
S: + idling
S: * 312 EXISTS
C: DONE
S: a5 OK Idle completed
```

मेल इनबॉक्समध्ये पडल्यापासून `EXISTS` ही ओळ येईपर्यंत सहसा एखाद-दोन सेकंदच जातात. काउंटरवरच्या गिऱ्हाइकासाठी हा मार्ग उघडच सरस आहे. मग लोक पोलिंगकडे परत का वळतात? कारण `IDLE` बंद पडतं तेव्हा बहुतेकदा कुठेही चूक दिसत नाही.

वाटेतला राउटर बराच वेळ हालचाल नसलेली जोडणी आपल्या नोंदीतून पुसून टाकतो आणि ते दोन्ही टोकांना कळवत नाही. स्क्रिप्टला वाटतं आपण अजून ऐकतो आहोत. प्रत्यक्षात त्या वाटेने आता काहीच येणार नाही. मेल आलाच नाही म्हणूनची शांतता आणि जोडणी मेली म्हणूनची शांतता, दोन्ही स्क्रिप्टला हुबेहूब सारख्या. सर्व्हर अर्ध्या तासाच्या निष्क्रियतेनंतर बाहेर काढू शकतो, म्हणून त्या दस्तऐवजात निदान दर २९ मिनिटांनी `IDLE` नव्याने सुरू करा असं सुचवलं आहे. पण तो हिशेब सर्व्हरचा आहे, वाटेतल्या राउटरचा नाही. घरगुती राउटर किंवा मोबाइल नेटवर्क त्याच्या खूप आधी जोडणी सोडू शकतं. डव्हकॉटसारखा सर्व्हर मुळात दर दोन मिनिटांनी `* OK Still here` अशी ओळ पाठवतो, ती याच कारणासाठी उपयोगी पडते. सगळेच सर्व्हर असं करत नाहीत, म्हणून स्क्रिप्टनेच दर चार-पाच मिनिटांनी `DONE` म्हणून पुन्हा `IDLE` सुरू करणं बरं.

इथे आणखी एक खाच आहे. मेलेल्या जोडणीवर `DONE` लिहिलं तरी लगेच चूक येत नाही. लिनक्स ते पाकीट पुन्हा पुन्हा पाठवून बघतं आणि मूळ सेटिंगमध्ये हार मानायला साधारण पंधरा मिनिटं घेतं. तोवर स्क्रिप्ट उत्तराची वाट बघत अडकलेली. म्हणून वाचण्याला वेळेची मर्यादा घालावीच लागते. `DONE`चं उत्तर तीस सेकंदांत आलं नाही, तर जोडणी टाकून नवी करायची.

आता त्या `312 EXISTS` कडे नीट बघू. इनबॉक्समध्ये एकूण ३१२ मेल आहेत, एवढंच ती ओळ सांगते. कोणता मेल नवा, कोणाचा, त्यात काय आहे, यातलं काहीच नाही. `IDLE` ही दारावरची घंटा आहे; कोण आलं ते दार उघडूनच बघावं लागतं. त्यासाठी आयमॅपमध्ये प्रत्येक मेलला त्या फोल्डरपुरता चढता यूआयडी क्रमांक मिळतो. शेवटचा हाताळलेला क्रमांक स्क्रिप्टने फाइलमध्ये लिहून ठेवावा आणि त्यापुढचे मागावेत. शेवटचा ४८२७ असेल, तर `UID SEARCH UID 4828:*`. मात्र नवा मेल नसला तरीही ही आज्ञा ४८२७ परत देते, कारण `*` म्हणजे सगळ्यात मोठा क्रमांक आणि मर्यादा उलट्या दिल्या तरी आयमॅप त्या सुलट करून घेतो. उत्तरातले जुने क्रमांक गाळले नाहीत, तर छापखान्यात तेच काम पुन्हा पुन्हा छापलं जाईल. फोल्डरचा `UIDVALIDITY` हा आकडाही सोबत जपावा. तो बदलला तर जुने क्रमांक निरर्थक ठरतात.

हे सगळं धरलं की स्क्रिप्टचा गाभा अगदी लहान उरतो. `imapclient` या लायब्ररीत तो असा:

```python
while True:
    naveen_mel_hatala(c)
    c.idle()
    c.idle_check(timeout=240)
    c.idle_done()
```

घंटा वाजली म्हणून जाग आली की चार मिनिटं संपली म्हणून, हे इथे तपासलेलंच नाही, आणि ते मुद्दाम. दोन्ही वेळा शोध घ्यायचाच. याचं एक नेमकं कारण आहे. स्क्रिप्ट आधीचा मेल हाताळत असतानाच नवा आला, तर सर्व्हर त्याची `EXISTS` ओळ चालू आज्ञेच्या उत्तरासोबत देऊन टाकतो. ती ओळ स्क्रिप्टने वाचली नाही, तर पुढच्या `IDLE`मध्ये सर्व्हर गप्प राहतो. त्याच्या लेखी त्याने कळवलेलं असतं. असा मेल चार मिनिटांनंतरच्या शोधात सापडतो. म्हणजे चांगल्या `IDLE` स्क्रिप्टच्या पोटात संथ पोलिंग असतंच. तेवढा उशीरही नको असेल, तर २४० चा आकडा ६० वर आणावा.

`IDLE` खरोखर काम करतं आहे की पोटातलं पोलिंगच सगळं ओढतं आहे, हे ओळखता येतं. मेल सर्व्हरवर पोचल्याची वेळ आयमॅप `INTERNALDATE` म्हणून देतो. ती आणि स्क्रिप्टने मेल हातात घेतल्याची वेळ यांतला फरक प्रत्येक मेलसाठी नोंदवावा. फरक दोन-तीन सेकंदांचा असेल तर घंटा वाजते आहे. शून्यापासून चार मिनिटांपर्यंत कसाही विखुरलेला असेल, तर घंटा बंद आहे. फरक लहान असूनही गिऱ्हाइकाला थांबावं लागत असेल, तर उशीर मेल सर्व्हरवर पोचण्याआधीच झाला. त्यावर `IDLE` आणि पोलिंग दोघांचाही इलाज नाही. मग मेलच्या शीर्षभागातल्या `Received` ओळींमध्ये तो कुठल्या टप्प्यावर अडला ते बघावं.

काही ठिकाणी पोलिंगच बरं. एका जोडणीवरचं `IDLE` निवडलेल्या एकाच फोल्डरवर नजर ठेवतं. वीस फोल्डर बघायचे तर वीस जोडण्या लागतील, आणि जीमेल एका खात्याला एका वेळी १५ आयमॅप जोडण्याच देतं. तिथे एका जोडणीवरून दर मिनिटाला प्रत्येक फोल्डरचा `STATUS` विचारणं सोपं पडतं. सततची प्रक्रिया चालू न देणारं स्वस्त होस्टिंग आणि फक्त क्रॉन हाताशी असेल, तेव्हाही तोच मार्ग. लॉगिननंतरच्या `CAPABILITY` यादीत `IDLE` दिसत नसेल, तर प्रश्नच मिटला. छापखान्याला मात्र एकच इनबॉक्स बघायचा आहे आणि कॉम्प्युटर दिवसभर चालूच असतो, तेव्हा तिथे `IDLE` लावावं, चार मिनिटांच्या शोधासकट.