गाडीआधी वही

मागच्या फेब्रुवारीत आमच्याकडे सात आसनी गाडी घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. जुनी गाडी चौदा वर्षांची झाली होती. घरात आम्ही पाच जण, वरचेवर दीर-जाऊ येतात, गाव कराडजवळ, म्हणजे मोठी गाडी हवीच, असा सगळ्यांचा सूर होता. मी एवढंच म्हटलं, की शोरूमची पायरी चढण्याआधी चार आठवडे आपण कुठे, कोण आणि काय घेऊन जातो ते लिहून काढू. दोनशे पानी वही आणली आणि किल्ल्यांच्या खुंटीला दोरीनं बांधून ठेवली. कपाटात ठेवलेली वही तिसऱ्या दिवशी विसरली जाते.

घरातून निघून घरी परत आलं की एक फेरी धरायची. एका ओळीत तारीख, कुठे गेलो, किलोमीटर, माणसं किती, सामान काय आणि गाडी कुठे लावली, एवढंच लिहायचं. शेवटचा रकाना ‘त्रास’ असा ठेवला. फेरी गाडीनेच झालेली असली पाहिजे असं नाही. स्कूटर, रिक्षा, चालत, सगळं लिहायचं. रिक्षाच्या मीटरवर किलोमीटर दिसतात, स्कूटरला काटा आहेच. याहून महत्त्वाचं म्हणजे रद्द झालेली फेरीसुद्धा लिहायची. आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, भजनाचा कार्यक्रम दोनदा ‘रिक्षा मिळाली नाही’ म्हणून राहिला. गाडीचा काटा पाहून ही गरज कधीच कळली नसती.

नवऱ्याच्या कंपनीची बस कोपऱ्यावर येते, नवी गाडी आली तरी तो बसनेच जाणार, म्हणून त्या फेऱ्या आम्ही वगळल्या. अठ्ठावीस दिवसांत उरल्या 47 फेऱ्या. त्यातल्या 29 फेऱ्यांत एकटंच माणूस होतं, 11 फेऱ्यांत दोघं, पाच फेऱ्यांत तीन किंवा चार जण. घरातले पाचही जण एकत्र गेलो ते एकदाच, कराडला. सात जण गेलो तेही एकदाच, भोरला साखरपुड्याला. 41 फेऱ्या पंधरा किलोमीटरच्या आतल्या होत्या. सगळं मिळून हजार किलोमीटरच्या आसपास भरलं.

चार आठवडे म्हणजे वर्ष नव्हे, म्हणून लांबच्या प्रवासांसाठी फास्टॅगचं वर्षभराचं विवरण काढलं. त्याचा फार उपयोग होतो. खेड शिवापूर, आनेवाडी आणि तासवडे असे तिन्ही नाके ओळीनं दिसले की ती कराडची खेप. नुसतं खेड शिवापूर दिसलं की कापूरहोळहून भोरला वळलेलो. माणसं किती होती हे त्या दिवसाच्या मोबाइलमधल्या फोटोंवरून लागलं. वर्षात पाचाहून जास्त माणसं घेऊन आम्ही तीनदाच गेलो होतो. आठवणीला विचारलं असतं तर घरातल्या प्रत्येकानं ‘महिन्यातून एकदा तरी’ असंच सांगितलं असतं. गर्दीचे प्रवास लक्षात राहतात, एकटीनं बँकेत जाऊन आलेले राहत नाहीत. त्या तीन वेळांसाठी भाड्याची मोठी गाडी करायची ठरलं आणि सात आसनांचा विषय तिथेच मिटला. शिवाय बऱ्याच सात आसनी गाड्यांत तिसरी रांग उघडली की डिकीत दोन-तीन पिशव्यांपुरतीच जागा उरते. सात माणसं आणि त्यांच्या बॅगा असा मेळ तिथेही बसला नसता.

फेब्रुवारीची वही जुलैबद्दल मात्र खोटं बोलते. म्हणून स्कूटरच्या प्रत्येक फेरीपुढे ‘पाऊस असता तर?’ असं लिहून खूण केली. मुलीचा क्लास आणि माझी बँक मिळून 18 फेऱ्या पावसाळ्यात गाडीकडे येणार होत्या, सगळ्या चार-सहा किलोमीटरच्या. त्यावरून डिझेलचा प्रश्न सुटला. आजच्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी धरणारी गाळणी असते. ती काजळी जळून जायला गाडी थोडा वेळ सलग वेगात चालावी लागते. रोज चार किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीत गाळणी तुंबते, दिवा लागतो आणि काम खर्चिक निघतं.

सामानाच्या रकान्यात ‘खूप सामान’ असं लिहून उपयोग नाही. कराडहून परतताना काय होतं ते आम्ही दिवाणखान्यात मांडलं: दोन मोठ्या बॅगा, तांदळाचं पन्नास किलोचं पोतं, आईंचा घडीचा वॉकर. मोठी बॅग 75 बाय 50 बाय 30 सेंटीमीटर भरली, म्हणजे साधारण 112 लिटर. दोन बॅगांचे सव्वादोनशे लिटर झाले. पण माहितीपत्रकातल्या लिटरवर थांबू नये, कारण कडक बॅग कोपऱ्यात दाबून बसत नाही. सामान जवळजवळ लावून त्याभोवती फरशीवर खडूनं चौकोन काढला आणि त्याची लांबी-रुंदी-उंची वहीत लिहिली. हाच चौकोन डिकीत मावतो का, ते टेपनं पाहायचं. सीएनजीची एकच मोठी टाकी असलेल्या गाडीत तो मावणं शक्य नव्हतं. काही गाड्यांत आता दोन लहान टाक्या तळाशी बसवतात, तिथे आशा होती.

जागेइतकंच वजनही पाहावं लागतं. भरलेल्या गाडीच्या कमाल वजनातून मोकळ्या गाडीचं वजन वजा केलं की माणसं आणि सामान मिळून किती चालेल ते कळतं. बऱ्याच छोट्या गाड्यांत हा आकडा चारशे ते साडेचारशे किलोच्या आसपास येतो. आमची पाच माणसं सव्वातीनशे किलो, पोतं पन्नास, बॅगा तीस. बेरीज चारशे पाच. खंबाटकीचा घाट चढताना जुनी गाडी का दमायची, ते त्या बेरजेनं कळलं.

सगळ्यात मोलाचा ठरला तो ‘त्रास’ हा रकाना. त्यात अकरा वेळा एकच गोष्ट होती, ती म्हणजे आईंना उतरताना हात द्यावा लागला. त्यांचे गुडघे दुखतात, पण किती उंचीवर दुखतात हे आम्ही कधी मोजलं नव्हतं. देवघरापुढच्या लाकडी खुर्चीवरून त्या सहज उठतात, तिची बैठक जमिनीपासून 48 सेंटीमीटर. सोफ्याची 40, तिथून उठताना त्यांना दांडा धरावा लागतो. पायरी चढून बसावं लागेल अशी उंच गाडीही नको होती, कारण रिक्षाची पायरीसुद्धा त्यांना जड जाते. म्हणजे गाडीची बैठक खुर्चीच्या आसपास हवी, आणि दार पुरतं उघडायला हवं. मग सोसायटीतली आमची जागा मोजली. दोन खांबांमधलं अंतर दोन मीटर तीस. सव्वासत्तर सेंटीमीटरच्या जवळपास जाणारं अंतर दाराच्या बाजूला मोकळं राहिलं तरच आईंना वॉकर घेऊन उतरता येतं, आणि तेवढं अंतर रुंद गाडीत उरत नव्हतं.

एप्रिलमध्ये पहिल्यांदा शोरूममध्ये गेलो तेव्हा आमच्याजवळ एकच पान आणि टेप होता. विक्रेत्या मुलानं बजेट विचारलं. आईंनी पिशवीतून टेप काढून त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, ‘‘बाळा, आधी ती पुढची बैठक जमिनीपासून किती उंच आहे तेवढं मोजून सांग.’’