रीलवरचे लाइक आणि हातात आलेलं ड्रॉइंग

आजच्या भागात आपण यशवंतपूरच्या छोट्या मशीन बनवणाऱ्या कारखानदाराचा प्रश्न घेऊ. बेंगळुरूत यशवंतपूरहून तुमकूर रोडला लागलं की पीण्यापर्यंत अशा शेड्स भरपूर आहेत. दहा-बारा माणसं, दोन लेथ, एक मिलिंग, आणि मालक स्वतःच डिझाइनर, स्वतःच सेल्समन. बहुतेक काम एक-दोन जुन्या गिऱ्हाइकांकडून येतं. त्यातल्या एकाने वर्षभर खरेदी थांबवली की शेड रिकामी पडते आणि पगाराची तारीख काही थांबत नाही. म्हणून मालक सोशल मीडियाकडे वळतो. रील टाकतो, ‘प्राइस प्लीज’ असे मेसेज ढिगाने येतात, ऑर्डर मात्र एकही येत नाही.

असं का होतं, ते एका उदाहरणातून पाहू. आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत.

समजा आपला कारखाना मल्टी-स्पिंडल ड्रिलिंग मशीन बनवतो. बिडाच्या फ्लँजला आठ भोकं पाडायची आहेत, पुढे त्यांत एम-८ चे आटे पाडायचे आहेत, म्हणून ड्रिल ६.८ मिलिमीटरचं. रेडियल ड्रिलवर कामगार एकेक भोक पाडतो, एका जॉबला साधारण तीन मिनिटं जातात. आपल्या मशीनवर आठही ड्रिल एकदम उतरतात. जॉब चढवणं-उतरवणं धरून ४० सेकंदांत काम होतं.

हे मशीन कोण शोधतो? कोल्हापूरच्या शिरोलीत किंवा बेळगावच्या उद्यमबागेत बसलेला, ज्याच्या टेबलावर हाच जॉब अडकला आहे असा प्रॉडक्शनचा माणूस. त्याला चकाकणारं मशीन आणि मागचं संगीत यांचं काही नाही. त्याला आपल्यासारखा जॉब पाहायचा आहे. म्हणून व्हिडिओ मशीनचा करू नका, जॉबचा करा. दीड मिनिट पुरे. आधी हातात कच्चा जॉब, मग जॉब चढवण्यापासून उतरवण्यापर्यंत एक पूर्ण फेरी, मध्ये कुठेही न कापता, कोपऱ्यात घड्याळ चालू. शेवटी तयार भोकात गेज घालून दाखवा. जिथे फेरी मध्येच कापलेली असते, तिथे जाणकार माणूस लगेच ओळखतो की काहीतरी लपवलं आहे. शीर्षक इंग्रजीतच ठेवा, कारण शोधणारा तेच टाइप करतो:

```
8 spindle drilling machine - CI flange - 40 sec cycle
```

बोलणं मात्र हिंदीत, मराठीत, कन्नडमध्ये, ज्या भागात माल विकायचा त्या भाषेत असू दे.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. हा व्हिडिओ प्रॉडक्शनचा माणूस मालकाला, मालक खरेदीवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. फाइल म्हणून पुढे गेला की खाली लिहिलेला मजकूर सोबत जाईलच असं नाही. म्हणून कारखान्याचं नाव, गाव आणि फोन नंबर व्हिडिओच्या चित्रातच हवेत.

दुसरी खबरदारी त्याहून मोठी. चित्रीकरणात गिऱ्हाइकाचा जॉब दाखवायचा असेल तर आधी त्याची लेखी परवानगी घ्या. जॉबवर कोरलेला पार्ट नंबर, भिंतीवर लावलेलं ड्रॉइंग, मागच्या क्रेटवरचं नाव, सगळं तपासा. नवीन गिऱ्हाईक मिळवताना जुनं गमावण्याचा हा सर्वात सोपा रस्ता आहे. परवानगी नसेल तर तशाच मापाचा जॉब स्वतः ओतून घ्या आणि त्यावर ट्रायल दाखवा.

आता मेसेज आला. फौजेत टेहळणीच्या अहवालात कोण, कुठे, किती, केव्हा हे सांगावं लागतं. इन्क्वायरीलाही तोच नियम लावा. किंमत सांगण्याआधी पाच प्रश्न विचारा. जॉबचं ड्रॉइंग किंवा फोटो आणि धातू कोणता? महिन्याला किती नग? सध्या कसं करता? मशीन केव्हा हवं? कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर काय? जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला की नोंदणीचं नाव आणि तारीख दिसते. पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्र २७, कर्नाटक २९. मेसेजमध्ये कोल्हापूर सांगितलं आणि नंबर भलत्याच राज्याचा निघाला, तर फोन करून खुलासा करून घ्या. दोन राज्यांत कारखाने असू शकतात, पण विचारायला हवं.

या पाचांत नगांचा प्रश्न निर्णायक आहे. महिन्याला ४०० नग असतील तर रेडियलवर वीस तासांचं काम आहे. त्याला सरळ सांगा, तुम्हाला चांगलं जिग पुरेल, मशीन नको. ८,००० नग असतील तर रेडियलवर ४०० तास लागतात आणि आपल्या मशीनवर सुमारे ९०. इथे मशीनचे पैसे निघतात. हाच हिशेब कागदावर मांडून पाठवा, कारण सही करणारा मालक व्हिडिओपेक्षा तो कागद पाहतो. जो जॉबबद्दल काहीच सांगत नाही आणि स्पिंडल हेड कुठून घेता, बेअरिंग कोणतं, एवढंच विचारतो, तो बहुधा आपल्याच धंद्यातला असतो.

कोणत्या व्हिडिओने काम केलं, ते कळण्यासाठी प्रत्येक व्हिडिओला व्हॉट्सअ‍ॅपची वेगळी लिंक द्या. नंबर देशाच्या कोडसह, अधिकचं चिन्ह न लावता:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=FLANGE-08
```

लिंक दाबली की गिऱ्हाइकाच्या मेसेजमध्ये तो शब्द आपोआप येतो. वहीत तारीख, खुणेचा शब्द, जॉब, नग आणि पुढचा फोन केव्हा, एवढे पाच रकाने ठेवा.

तीन महिन्यांनी वही उघडा. समजा संगीत लावलेल्या रीलवर १२,००० रुपये गेले, ४५ मेसेज आले, ड्रॉइंग दोन. फ्लँजच्या व्हिडिओवरही १२,००० गेले, मेसेज पंधराच, पण ड्रॉइंग सहा. मेसेजच्या हिशेबाने रील स्वस्त, एक मेसेज सुमारे २६७ रुपयांना आणि दुसरीकडे ८००. ड्रॉइंगच्या हिशेबाने रील ६,००० आणि फ्लँज २,०००. ज्याने आपलं ड्रॉइंग पाठवलं, त्याने आपली अडचण तुमच्यासमोर ठेवली. धंदा तिथून सुरू होतो. पुढचे पैसे फ्लँजसारख्या व्हिडिओवर लावा.

याला मर्यादाही आहे. तुमचं मशीन देशभरात चार-पाचच कारखाने घेऊ शकत असतील, तर व्हिडिओत वेळ घालवू नका, त्यांची यादी करून थेट फोन करा. आणि गिऱ्हाईक ठरला तरी ऑर्डर लगेच पडत नाही. ड्रॉइंगनंतर त्याचे दहा-वीस कच्चे जॉब मागवा, त्याच्यासमोर ट्रायल घ्या. तुमकूर रोडवरच्या प्रदर्शन केंद्रात इमटेक्स भरतं, तेव्हा बाहेरगावचे खरेदीदार या बाजूला येतातच. वहीतल्या लोकांना त्या आठवड्यात शेडवर बोलवा. व्हिडिओत पाहिलेलं घड्याळ त्यांना स्वतःच्या जॉबवर चालताना दाखवा आणि त्यांच्या आकड्यांवरच कोटेशन बनवा.

पुढच्या भागात ते कोटेशन आणि अ‍ॅडव्हान्सची बोलणी पाहू.