राजाला एक खिडकी

बुद्धिबळात कॅसलिंग झालं की राजा सुरक्षित झाला, असं आपण धरून चालतो. हत्तीशेजारच्या कोपऱ्यात राजा, पुढे तीन प्यादी भिंतीसारखी उभी, समोरून कुणी येईल अशी सोय नाही. पण हीच भिंत राजाला बाहेरही पडू देत नाही. समोरच्याचा हत्ती किंवा वजीर राजाच्या घरच्या ओळीवर येऊन शह देतो, पुढची तिन्ही घरं आपल्याच प्याद्यांनी अडलेली असतात आणि डाव तिथेच संपतो. खेळाडू याला ‘बॅक रँक मेट’ म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या देशी पद्धतीत कॅसलिंग नव्हतं. राजाला शह लागेपर्यंत एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा असे. उडीची ती सोय गेली, पण कोपऱ्यात कोंडलेल्या राजाचा प्रश्न राहिलाच.

ही मात नवशिक्यांच्या डावात रोज दिसते. मला मात्र तिचं स्वरूप नीट कळलं ते १९१४ साली मॉस्कोत झालेल्या एका डावातून. पांढऱ्या सोंगट्या ओसिप बर्नस्टाइनकडे होत्या. पेशाने वकील आणि त्या काळातला नामांकित खेळाडू. काळ्या बाजूला पंचविशीतला क्यूबन होझे राउल कापाब्लांका होता, जो पुढे १९२१ मध्ये जगज्जेता झाला.

पट डोळ्यांपुढे आणायला एवढं पुरेल: पांढऱ्याच्या डावीकडून उजवीकडे उभ्या रांगा ए ते एच, आणि त्याच्या घरच्या ओळीपासून वर १ ते ८. सव्विसाव्या चालीनंतर कापाब्लांकाचं एक प्यादं सी३ वर, पांढऱ्याच्या पोटात शिरून उभं होतं. बर्नस्टाइनने मोजलं, हे प्यादं फुकट मिळतंय. त्याने घोड्याने ते खाल्लं, काळ्याच्या घोड्याने तो घोडा घेतला, मग हत्तींची मारामारी झाली. हिशोब बरोबर होता. धूळ खाली बसली तेव्हा त्याच्याकडे खरंच एक प्यादं जास्त होतं.

आता काय उरलं ते पाहा. पांढऱ्याचा राजा जी१ वर, वजीर ई२ वर, हत्ती सी३ वर. प्यादी ए२, ई३, एफ२, जी२, एच२. काळ्याचा राजा जी८ वर, वजीर बी६ वर, हत्ती डी८ वर. प्यादी ए७, एफ७, जी७, एच७. मोजणीत न दिसणारी एक गोष्ट इथे घडली होती. मारामारीआधी पांढऱ्याचा एक हत्ती सी१ वर होता, म्हणजे घरच्या ओळीवर पहारा होता. सी३ वर शेवटचा घास घ्यायला तोच हत्ती वर गेला. पहिल्या ओळीवर एकटा राजा राहिला आणि काळ्याचा हत्ती मोकळ्या डी रांगेतून थेट डी१ कडे बघत होता. ते घर राखणारा एकच मोहरा होता, ई२ वरचा वजीर.

कापाब्लांकाने वजीर बी२ वर ठेवला. अगदी समोर, पांढऱ्या वजिराच्या तोंडात.

घ्या म्हटलं तर घेता येत नाही. पांढऱ्या वजिराने बी२ वर वजीर घेतला की डी१ चा पहारा सुटतो, काळा हत्ती डी१ वर येतो आणि मात. न घ्यावं तर काळा वजीर एकाच वेळी ई२ चा वजीर आणि सी३ चा उघडा हत्ती या दोघांवर आहे. पांढरा वजीर ई१ वर नेला तर वाटतं सगळं सांभाळलं: पहिली ओळही राखली, सी३ च्या हत्तीलाही आधार मिळाला. पण त्या एका वजिरावर आता दोन कामं पडली. काळा वजीर सरळ सी३ चा हत्ती खातो. पांढऱ्याने तो वजीर परत घेतला की पहिल्या ओळीवर कुणी नाही. डी१ वर हत्तीचा शह, मध्ये घालायला वजीर ई१ वर येतो, हत्ती त्यालाही खातो, मात. हत्ती सी२ वर मागे घेतला तर बी१ वर वजिराचा शह बसतो आणि हत्ती जातो. बर्नस्टाइनने तिथेच डाव सोडला.

या स्थितीत कापाब्लांकाचाही राजा कोंडलेलाच होता, याकडे सहसा लक्ष जात नाही. समजा त्याने घाईने बी१ वर वजिराचा शह दिला, पांढऱ्याने एफ१ वर वजीर आडवा घातला आणि जोर वाढवायला काळ्याने डी८ चा हत्ती डी१ वर नेला. मग पांढरा हत्ती सी८ वर शह देतो, काळा हत्ती डी८ वर परत येतो, पांढरा तो खातो आणि मात काळ्यावर होते. शस्त्र एकच, दोघांच्याही गळ्याशी.

म्हणून धोका ओळखायचा तो सोंगट्या मोजून नाही. मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: समोरच्याचा हत्ती या क्षणी माझ्या घरच्या ओळीवर उतरला तर त्याला खाणार कोण, किंवा मध्ये येणार कोण? उत्तरात एकाच मोहऱ्याचं नाव आलं तर पुढचा प्रश्न, त्या मोहऱ्याला दुसरं काही काम आहे का? आणि हा प्रश्न मारामारी सुरू होण्याआधी, तिच्या शेवटी दिसणाऱ्या पटाकडे बघून विचारायचा. कारण घास घेताना पहारेकरीच जागा सोडतो.

उपाय एका प्याद्याचा आहे. एच२ चं प्यादं एच३ वर सरकवलं की राजाला एच२ हे घर मिळतं. जर्मन भाषेत याला ‘लुफ्त’, म्हणजे हवा, असा शब्द आहे. त्याच मॉस्कोच्या स्थितीत पांढऱ्याचं प्यादं एच३ वर आहे असं धरा. बी२ वरचा वजीर तो खुशाल खातो. काळा हत्ती डी१ वर शह देतो, राजा एच२ वर जातो आणि काळा एका वजिराने मागे पडतो.

पण खिडकी कुठे उघडायची हे समोरच्याच्या उंटावर ठरतं. एच२ काळं घर आहे. समोरच्याचा काळ्या घरांचा उंट डी६ वर असेल आणि मधला तिरपा मार्ग मोकळा असेल, तर एच२ आधीच त्याच्या माऱ्यात आहे. खिडकी उघडूनही राजाला बाहेर पडता येणार नाही. अशा वेळी जी३ करून जी२ हे पांढरं घर मोकळं करणं बरं. उलट त्याच्याकडे पांढऱ्या घरांचा उंट लांब तिरप्या मार्गावर बसला असेल, तर जी२ धोक्याचं आणि एच२ चांगलं. दोन्ही उंट पटावर असतील तर प्याद्याला हात लावण्याआधी दोन्ही तिरपे मार्ग तपासावे लागतात.

वेळेचंही तसंच. डावाच्या सुरुवातीला, वजीर आणि घोडे-उंट पटावर भरलेले असताना एच३ केलं तर ते प्यादंच हल्ल्याचं लक्ष्य बनू शकतं: समोरचा आपलं जी प्यादं पुढे रेटून रांग उघडतो, किंवा उंट एच३ वर झोकून देतो. घोडे-उंट कमी झाले, उभी रांग मोकळी झाली आणि हत्ती त्या रांगेवर आले, की खिडकीची वेळ आली.

बर्नस्टाइनला ती वेळ मिळाली होती. चोविसाव्या चालीला त्याने घोडा डी४ वरून बी३ वर नेला, पंचविसाव्याला परत डी४ वर आणला. दोन चालींनंतर त्याच्या सगळ्या सोंगट्या होत्या तिथेच होत्या, आणि एच प्यादंही एच२ वरच.